फ्लशच्या टाकीतला क्षार, चिकटा आणि ती निळी वडी

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं मिसळलेलं पाणी येतं. कमोडच्या फ्लश टाकीत आतून पांढरा कडक थर बसलाय, तळाला तपकिरी-काळा बुळबुळीत चिकटा आहे. फ्लश अर्धवट होतो आणि रात्री पाणी झिरपल्यासारखा आवाज येतो. टाकी साफ कशी करायची? शेजारच्या काकू म्हणतात टाकीत निळी वडी टाकत जा, घासायला लागणार नाही. टाकू का?

उत्तर:

ताई, वडी आणली नसेल तर आणू नका. टाकीत आधीच पडलेली असेल, तर साफसफाईची कुठलीही बाटली उघडायच्या आधी ती हातमोजे घालून बाहेर काढा आणि पाच-सहा वेळा फ्लश करा. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण टाकी घासताना जी चूक खरोखर अंगाशी येते ती इथेच होते.

मी पुण्यात बावीस वर्षं प्लंबिंगची कामं करतो. वाघोली, धायरी, पिसोळी या बाजूला कॉर्पोरेशनचं पाणी कमी आणि टँकर-बोअर जास्त, त्यामुळे तुम्ही लिहिलेली टाकी मी आठवड्यातून दोनदा तरी उघडतो. फोनवर माणसं म्हणतात, “फ्लश गेलाय, नवीन बसवून द्या.” टाकी उघडली की बहुतेक वेळा दिसतं, मशीन धडधाकट आहे, फक्त जिथे वायसर टेकतो त्या बैठकीवर क्षार बसलाय. हे काम तुम्ही घरी करू शकता. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून चार-पाच तास धरा, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ नुसता भिजत ठेवण्याचा आहे.

आधी टाकीत काय साचलंय ते ओळखा, कारण प्रत्येक घाणीला एकच औषध लागू पडत नाही. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं. पाणी टाकीत उभं राहतं, फ्लश केला की खाली जातं, ओली भिंत वाळते, परत भरतं. असं दिवसातून पंधरा-वीस वेळा होतं. भिंतीवरचा ओलावा उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं, म्हणजे फडक्याला न जुमानणारा तो पांढरा कडक थर. म्हणून पाण्याच्या नेहमीच्या पातळीवर त्याची पट्टी सर्वात जाड असते. तपकिरी जे आहे ते बोअरमधलं लोखंड आणि वरच्या टाकीतून आलेला गाळ. काळं, मऊ, बोटाला घसरतं ते जिवाणूंचा चिकटा. टाकीत अंधार असतो, पाणी रात्रभर हलत नाही आणि बोअरच्या पाण्यात क्लोरीनही नसतं, त्यामुळे जिवाणूंची चैन असते. कधी कधी गुलाबी झाकही दिसते, तोही जिवाणूंचाच प्रकार.

ओळखायची युक्ती सोपी आहे. टाकी रिकामी केली की कोरड्या थरावर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका. बारीक फेस आला तर क्षार. फेस नाही आणि रंग तपकिरी, तर लोखंड. नख लावल्यावर साय निघावी तसं निघालं, तर चिकटा. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे तिन्ही दिसतायत, आणि ते एकावर एक बसलेले असतात. वरचा चिकटा आधी काढला नाही तर ॲसिड खालच्या क्षारापर्यंत पोचतच नाही. लोक थेट व्हिनेगर ओततात, तासाभराने बघतात तर काही हललेलं नसतं, ते यामुळे.

आता तुमच्या रात्रीच्या आवाजाबद्दल. टाकीच्या तळाला मध्यभागी फ्लश व्हॉल्व्ह असतो, त्याच्या बुडाला रबराची किंवा सिलिकॉनची चकती असते. तो वायसर प्लास्टिकच्या गोल बैठकीवर टेकून पाणी अडवतो. बैठकीवर रांगोळीच्या कणाएवढा क्षार बसला तरी तिथून धागा सुटतो. पाणी हळूहळू भांड्यात उतरतं, पातळी खाली गेली की फ्लोटचा व्हॉल्व्ह उघडतो आणि थोडं पाणी भरून बंद होतो. तुम्हाला ऐकू येतं ते हे.

किती पाणी जातंय हे घरीच मोजता येतं. टाकी भरू द्या, टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा अँगल कॉक बंद करा, आतल्या भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि तासभर फ्लश करू नका. मागच्या महिन्यात एका घरी असं मोजलं, तर तासात पाणी २ सेंटिमीटर खाली गेलं होतं. टाकी आतून साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि १४ रुंद, म्हणजे दर सेंटिमीटरला अर्धा लिटर. तासाला एक लिटर, दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० लिटर. घरातल्या बाई म्हणाल्या, “भाऊ, एवढंसं तर झिरपतंय.” टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीत हे एवढंसं नाही.

चला, कामाला लागू. सामान असं: हातमोजे, जुना टूथब्रश, बाटली धुवायचा लांब ब्रश, भांडी घासायची हिरवी नायलॉनची घासणी, स्पंज, जुने सुती कपडे, भांड्यांचा लिक्विड साबण आणि पाव किलो लिंबूसत्व. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात पांढऱ्या खड्यांसारखं सुटं मिळतं. व्हिनेगरही चालतं, पण ते फार पातळ असतं, शे-दोनशे मिलिलिटरच्या बाटल्या किती ओतणार? शिवाय लिंबूसत्व लोखंडाचा तपकिरी डागही धरून ओढतं, व्हिनेगरला ते तितकंसं जमत नाही.

पहिलं, अँगल कॉक बंद करा. तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल आणि हाताने फिरत नसेल, तर पक्कड लावून जोर करू नका. आतला स्पिंडल मोडतो, किंवा कॉक बंद होतो पण उघडल्यावर दांड्यातून गळायला लागतो, आणि मग रविवारी दुपारी माझ्यासारख्याला शोधत बसावं लागतं. अशा वेळी बाथरूमचा किंवा डक्टमधला मेन व्हॉल्व्ह बंद करून काम करा.

झाकण सरळ उचलायला जाऊ नका. ज्या टाकीला वरती दोन बटणं असतात, तिथे बहुधा बटणाभोवतीची चकती आट्याने बसवलेली असते. ती डावीकडे फिरवून सोडली की झाकण मोकळं होतं. काही टाक्यांत झाकणाबरोबर बटणाच्या काड्या नुसत्या वर येतात. झाकण सिरॅमिकचं असेल तर ते जमिनीवर टॉवेल घालून आडवं ठेवा. कमोडच्या कडेला उभं टेकवलेलं झाकण घसरून फुटलेलं मी मोजण्यापलीकडे पाहिलंय, आणि नुसतं झाकण जुळवून मिळत नाही. काही खोलायच्या आधी मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा.

आता बटण दाबून टाकी रिकामी करा. तळाला दोन-तीन सेंटिमीटर पाणी राहतंच, ते स्पंजने टिपून घ्या. फ्लश व्हॉल्व्हचा वरचा भाग बहुतेक ठिकाणी पाव वेढा डावीकडे फिरवला की बैठकीतून सुटून हातात येतो. अडकल्यासारखा वाटला तर तो क्षाराने धरलेला असतो. बुडाशी लिंबूसत्वाचं पाणी सोडून अर्धा तास थांबा, मग फिरवा.

व्हॉल्व्ह बाहेर आला की आधी नुसत्या साबणाच्या पाण्याने सगळं घासून घ्या. टाकीच्या भिंती, तळ, कोपरे, फ्लोटच्या मागची जागा. सिरॅमिकची टाकी बाहेरून चकचकीत असली तरी आतून पुष्कळदा बिनचकाकीची, खरबरीत असते, म्हणून चिकटा तिथे घट्ट धरतो. तरीही तारेचा ब्रश किंवा स्टीलची घासणी वापरू नका. त्यांच्या काळ्या रेघा सिरॅमिकवर उमटतात, तुटलेल्या तारा तळाला गंजतात आणि एखादी वायसरखाली जाऊन बसते. घासलेली घाण भांड्यात ढकलू नका, स्पंजने उचलून बादलीत टाका. गाळाचे खडे खाली गेले तर कमोडच्या काठाखालच्या भोकांत जाऊन अडकतात.

चिकटा गेला की क्षाराकडे वळा. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे साधारण दहा चहाचे चमचे. पाणी उकळतं नको. सिरॅमिकच्या टाकीत उकळतं पाणी ओतलं तर तिला तडा जाऊ शकतो. दीड लिटर द्रावण एका टबात करा, त्यात फ्लश व्हॉल्व्ह तासभर बुडवून ठेवा. वायसर सहज निघत असेल तर तो वेगळा काढून पंधरा मिनिटंच बुडवा आणि मऊ कपड्याने पुसून घ्या. रबर ॲसिडमध्ये रात्रभर ठेवायची गरज नसते.

टाकीच्या भिंतीवरच्या पट्टीला सुती कपड्याच्या चिंध्या द्रावणात बुडवून चिकटवा. वर प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवली तर त्या वाळत नाहीत. दोन तासांनी काढा, हिरव्या घासणीने घासा. थर जाड असेल तर तो एकदम जात नाही, पापुद्रा मऊ होऊन निघतो, त्याखाली दुसरा असतो. पुन्हा ताजी चिंधी लावा. यात जुनं द्रावण परत वापरू नका, क्षाराशी झगडून त्याची धार गेलेली असते. फेस येईनासा झाला आणि थर तसाच असला, तर समजा द्रावण संपलं.

टाकीच्या तळाची बैठक मात्र हाताने करा. बोटाला कपडा गुंडाळून द्रावणात बुडवा आणि गोलाकार फिरवत राहा. मग नुसत्या बोटाच्या पेराने पूर्ण वर्तुळ चाचपा. डोळ्यांना दिसणार नाही असा खडा बोटाला लागतो. सुरी, पट्टी, स्क्रूड्रायव्हर काहीही लावू नका. प्लास्टिकवर एक बारीक चरा पडला की ती गळती वायसर बदलूनही थांबत नाही, अख्खा फ्लश व्हॉल्व्ह बदलावा लागतो. सगळ्या साफसफाईत मी सर्वाधिक वेळ या पाच-सहा सेंटिमीटरच्या चकतीला देतो.

तोवर पाणी येण्याची बाजू बघून घ्या. टाकी भरायला दहा-दहा मिनिटं लागत असतील तर गाळ इनलेट व्हॉल्व्हमध्ये आहे. कनेक्शन पाइप सोडवला की व्हॉल्व्हच्या तोंडाशी बहुतेकांत छोटी जाळी असते. ती काढून टूथब्रशने घासा आणि लिंबूसत्वात टाका. व्हॉल्व्हची वरची टोपी फिरवून निघणारी असेल तर तीही काढा. जाळी आणि पाइप परत बसवून टोपी काढलेल्या तोंडावर उलटा मग धरा आणि अँगल कॉक दोन सेकंद उघडा. आतली रेती धडाधड मगावर आपटते. मग धरला नाही तर ती रेती तुमच्या तोंडावर आणि छतावर जाते, हे मी पहिल्या वर्षीच शिकलो.

फ्लश अर्धवट होण्याचं एक कारण कमी पाणी, ते वरच्याने सुटेल. दुसरं कारण कमोडच्या काठाखालची भोकं क्षाराने बुजलेली असतात. टाकीच्या मध्ये जी उभी ओव्हरफ्लो नळी असते, तिच्यातून ओतलेलं पाणी सरळ त्या भोकांकडे उतरतं. फ्लश व्हॉल्व्ह परत बसवल्यावर अर्धा लिटर ताजं कोमट द्रावण त्या नळीतून हळूहळू ओता, तासभर फ्लश करू नका, मग फ्लश करा. पाणी काठाच्या सगळ्या बाजूंनी उतरतंय का बघा.

फरशी जपा. लिंबूसत्व असो की व्हिनेगर, मार्बल, शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचेच दगड आहेत, त्यांच्यावर ॲसिड सांडलं की पॉलिश जाऊन पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. बाथरूमच्या खिडकीचा कडप्पा याच कामात पुष्कळदा जातो. ग्लेझ्ड टाइलला काही होत नाही, पण सांध्यातलं पांढरं सिमेंट खातं. खाली ओला कपडा अंथरा आणि सांडलं की लगेच पाणी मारा.

मोबाइलवर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून फेस काढतात, तो प्रकार मला कधी कळला नाही. सोडा ॲसिडला मारतो. फेस बघायला छान वाटतो, पण उरतं ते जवळपास मिठाचं पाणी, आणि क्षार जिथल्या तिथे. दोन्हीपैकी फक्त व्हिनेगर वापरा.

एवढं झालं की पाणी सोडा, पाच-सहा वेळा फ्लश करून ॲसिड पूर्ण घालवा. चिकट्याचा वास किंवा काळेपणा उरलाच असेल तर दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नाही, सहा लिटरच्या टाकीत कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच ५० मिलिलिटर टाका. पंधरा मिनिटं ठेवून फ्लश करा, आणखी दोनदा फ्लश करा. क्लोरीनचा टाकीत पाहुणचार एवढाच. गावाकडे विहिरीत टाकायची टीसीएल पावडर यासाठी वापरू नका, तिचा चुना तळाला बसतो आणि आत्ता काढलेला थर तुम्हीच परत घालता.

आता वडीकडे येतो. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एक निळी किंवा हिरवी, त्यात रंग, सुवास आणि साबणासारखं द्रव्य असतं. दुसरी पांढरी, क्लोरीन सोडणारी, पाकिटावर ब्लीच किंवा जंतुनाशक असं लिहिलेलं असतं. काही निळ्या वड्यांतही क्लोरीन असतं, म्हणून रंगावर जाऊ नका, मागचं बारीक अक्षर वाचा. दोन्ही प्रकार तळाला पडून विरघळत राहतात. क्षार यातली एकही काढत नाही. क्षाराला ॲसिड लागतं, आणि यांत ते कामापुरतं नसतं. निळ्या पाण्यामुळे थर दिसेनासा होतो, एवढाच फरक.

गंमत अशी की वडीचा खरा त्रास घरात माणसं असताना कमी आणि नसताना जास्त होतो. दिवसातून वीस वेळा फ्लश होतो तेव्हा क्लोरीन पाण्याबरोबर वाहून जातं. तुम्ही रात्री झोपलात किंवा गावाला गेलात की वडी विरघळत राहते आणि पाणी तीव्र होत जातं. वायसर, इनलेटचा पडदा, टाकी आणि कमोड जोडणाऱ्या बोल्टचे रबर, सगळं त्यात रात्रंदिवस बुडालेलं असतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी वाघोलीच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं. कुटुंब मे महिन्यात तीन आठवडे कोकणात गेलं होतं. निघताना काकांनी “टाकीला वास नको” म्हणून क्लोरीनच्या दोन वड्या टाकल्या, एकीच्या जागी दोन. परत आले तर फ्लश सतत वाहतोय. मी व्हॉल्व्ह बाहेर काढला आणि वायसर बोटांत धरला, तर बोटांना काळी शाई लागली. रबर कुजायला लागलं की असं होतं. नवीन वायसर दाबला तर परत उसळतो, हा चिकट आणि सैल झाला होता, कडा लाटेसारखी वाकली होती, बैठकीवर सपाट टेकतच नव्हती. बोल्टच्या नटांवर हिरवट-पांढरा गंज. आणि बैठकीवर क्षार होता तसाच, वडीने त्याचं काहीही वाकडं केलं नव्हतं. वायसर बदलला, बोल्ट बदलले, टाकी वर लिहिल्याप्रमाणे घासली. वायसर चहापाण्याच्या पैशात येतो, पण बोल्ट बदलायचे म्हणजे अख्खी टाकी उतरवावी लागते, अर्धा दिवस त्यात गेला.

पुष्कळ कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की टाकीत क्लीनरची वडी वापरली तर आतल्या भागांची वॉरंटी लागू राहणार नाही. तुमच्या टाकीचा कागद असेल तर बघून घ्या.

निळ्या, बिनक्लोरीनच्या वडीने रबर इतकं जात नाही, पण तिचे दोन त्रास वेगळे. ती शेवटी जेलीसारखी होते, तिचा लगदा आणि वेष्टनाचे तुकडे बैठकीवर येऊन बसतात आणि फ्लश मिटत नाही. दुसरं म्हणजे गळती लपते. भांड्यातलं पाणी कायमच निळं, मग टाकीतून झिरपतंय की नाही हे कळणार कसं?

आता सुरुवातीला म्हटलेली चूक. आपल्याकडे कमोडच्या भांड्यासाठी जी दाट, वाकड्या मानेच्या बाटलीतली क्लीनर मिळतात, त्यांत बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते क्लोरीनच्या वडीच्या पाण्याला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. टाकी साफ करायची म्हणून कुणी हे क्लीनर थेट वडीवर ओततं, झाकण उघडं, तोंड टाकीवर वाकलेलं, बाथरूम चार बाय सहाचं. मग डोळे झोंबतात, घसा आवळतो, खोकला थांबत नाही. व्हिनेगर आणि लिंबूसत्वानेही क्लोरीन सुटू शकतं, म्हणूनच ब्लीच दुसऱ्या दिवशी म्हटलं. असं झालं तर काय ओतलं ते बघत थांबू नका. बाहेर या, घरच्यांना बाहेर काढा, खिडकी किंवा एक्झॉस्टचं बटण हाताशी असेल तरच खिडकी उघडा, एक्झॉस्ट चालू करा, आणि मोकळ्या हवेत येऊनही छाती भरल्यासारखी किंवा खोकला राहिला तर डॉक्टरकडे जा. ते दाट क्लीनर फक्त भांड्यासाठी ठेवा. टाकीत ते बोल्ट आणि स्प्रिंगसारखे धातूचे भाग खातं, वडी नसली तरीही.

पोहण्याच्या तलावाच्या किंवा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या क्लोरीन गोळ्या स्वस्त पडतात म्हणून वॉचमनकडून आणून फ्लशमध्ये टाकणारेही भेटतात. त्या याहून कितीतरी जोरकस असतात. वेगवेगळ्या क्लोरीन गोळ्या एका डब्यात ठेवल्या आणि ओल लागली तर पेट घेऊ शकतात. त्या घरात आणूच नका.

वासासाठी काही हवंच असेल तर भांड्याच्या काठाला आतून लटकवायचा ब्लॉक लावा. त्याचं पाणी फक्त भांड्यात जातं, टाकीतल्या रबराला शिवत नाही. तरी त्यातही क्लोरीन असेल तर भांड्यात ॲसिडचं क्लीनर घालायच्या आधी तो काढून दोनदा फ्लश करा.

टाकी भिंतीच्या आत बसवलेली असेल, तर वरचं काम तुम्ही करू नका. बटणाच्या प्लेटमधून हात जाईल एवढीच जागा असते, आत काही पडलं तर काढणं मुश्कील. एखाद्या जाणत्या प्लंबरकडून वर्षातून एकदा व्हॉल्व्ह काढून लिंबूसत्वात भिजवून घ्या.

तुमची टाकी बाहेरची आहे असं धरून शेवटचं काम. सगळं जोडल्यावर पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली ठेवा. जास्त वर गेली तर पाणी नळीतून गुपचूप वाहत राहतं आणि तुम्ही वायसरला दोष देत बसाल. फ्लोटच्या बाजूचा स्क्रू किंवा क्लिप फिरवून ती कमी-जास्त होते. मग रात्री झोपताना टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाका, लाल असेल तर बरा दिसतो, आणि सकाळपर्यंत तो कमोड वापरू नका. सकाळी भांड्यातलं पाणी स्वच्छ असेल तर काम झालं. लाल झालं असेल तर बैठक परत बोटाने चाचपा. खडा लागला नाही, तर वायसर काढून दुकानात न्या आणि त्याच मापाचा नवीन घ्या, शक्यतो सिलिकॉनचा. मापासाठी जुना सोबत नेणं गरजेचं आहे, नावावरून मागितला तर दुकानदार तीन वेगळे काढून देतो. तुमच्या पाण्याला हा कार्यक्रम दर सहा महिन्यांनी लागेल. तळाचा तपकिरी गाळ दोन महिन्यांतच परत दिसला, तर सोसायटीच्या वरच्या टाकीचा तळ कधी धुतला होता ते कमिटीला विचारा, कारण तो गाळ तिथूनच येतोय.